दुसऱ्याचं पण सेम

आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे नाशिकच्या सिडकोत. गिऱ्हाईक काऊंटरवर असतं तोवर सगळं नीट चालतं, कारण ते बोट दाखवतं. खरा ताप होतो ते घरी गेल्यावर. दुपारी वरणभात पुढ्यात घेतला रे घेतला की फोन वाजतो, "ताई, दुसऱ्याचं पण सेम करून टाका." संपला मेसेज. फोटो नाही, फाईल नाही, आणि नावाच्या जागी गणपतीचा डीपी.

आता या एका ओळीत दोन गोष्टी गायब आहेत. दुसरा कोण, आणि सेम म्हणजे काय काय. लोकांना वाटतं पहिलं कळलं की झालं. तसं नसतं हो. दुसरा सापडतो एक वेळ, पण पहिल्याला आपण पाच गोष्टी केलेल्या असतात, त्यातल्या किती दुसऱ्याला लावायच्या हे देवाला माहीत. फ्लेक्सचं बघा. एका मंडळाने दादांच्या वाढदिवसाचा बोर्ड करून नेला, सोनेरी अक्षरं, मागे फटाके, दादा गॉगलमध्ये. चार दिवसांनी निरोप आला, दुसऱ्या दादांचं पण सेम, साइज सेम, फोटो पाठवतो. फोटो आला तो हार घातलेला. दुसऱ्या दादांची श्रद्धांजली होती! सेम फक्त दहा बाय आठ फूट. मी आधी विचारलं म्हणून वाचलो सगळे, नाहीतर कैलासवासी फटाक्यात उभे राहिले असते चौकात.

पण फ्लेक्स सोपा, निदान चूक दुरून दिसते. ऑनलाईन फॉर्मच्या फोटो-सहीत जे होतं ते डोळ्यालाही दिसत नाही.

परवाचीच गोष्ट. दिंडोरीकडचे एक काका. त्यांची मुलगी बँकेच्या क्लार्कचा आयबीपीएसचा फॉर्म भरत होती. सकाळी दुकानात माझा दीर बसतो, काका तेव्हा येऊन गेले. दुपारी मी बसले आणि मेसेज आला, तोच तो, दुसऱ्याचं पण सेम, पोरगी फॉर्म उघडून बसलीय, लवकर. आता सकाळी काय झालं ते मला कसं कळणार? वही उघडली. दिराच्या अक्षरात लिहिलेलं, "काका – केलं. ६० पैकी ४० आले." म्हणजे बाकी किती ते लिहिलंय, काम काय केलं ते नाही. याला म्हणतात धंदा. कॉम्प्युटरवर फोल्डर बघितलं तर photo_final.jpg, photo_final2.jpg, sahi.jpg, new.jpg. त्या new मध्ये काय होतं, तर दिराच्या मित्राच्या बुलेटचा फोटो.

दिराला फोन लावला. तो द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये, मागून हॉर्नच हॉर्न. "वहिनी, केलं ना मी ते!" अरे काय केलं? "जे सांगितलं ते." फोन कट.

मग मी काकांना विचारलं, "काका, कोणत्या दुसऱ्याचं?" हा प्रश्न विचारू नये खरं तर, कारण याला महाराष्ट्रभर एकच उत्तर मिळतं, आणि तेच आलं. "अहो तेच, सकाळी सांगितलं ना." त्यांच्या बाजूने बरोबरच आहे म्हणा, त्यांच्या लेखी दुकान एकच, म्हणून दुकानाचं डोकंपण एकच. त्यांनी सकाळी दुकानाला सांगितलं, दुकानाने लक्षात ठेवायला पाहिजे, माणूस बदलला हा दुकानाचा घरगुती प्रश्न.

म्हणून मग फाईलींकडून उलटा माग काढायला बसले. फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. २०० बाय २३० पिक्सेल, ३८ केबी. आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबीत लागतो, म्हणजे बसला. सही १४ केबी, तिला १० ते २०, तीपण बसली. पण सहीचं माप १४० बाय ६० नव्हतं, चांगली मोठी होती. इथे मला दिराचं कौतुक वाटलं (त्याला सांगू नका). कारण सही म्हणजे पांढऱ्या कागदावर दोन रेघोट्या, ती सांगितलेल्या मापात कापली तर फुल क्वालिटी ठेवूनही बरेचदा १० च्या खालीच जाते, आणि लोकांना वरची मर्यादा पाठ असते, खालची कुणी वाचतच नाही. मग साईट फाईल घेत नाही आणि माणूस म्हणतो अजून छोटी करून द्या. ताई, अजून छोटी करा! अजून छोटी केली की ती अजून घेत नाही. दिराने हे ओळखून सही मोठी ठेवली होती. शिवाय तिचा कॉन्ट्रास्ट इतका वाढवला होता की कागदाची राखाडी सावली जाऊन शाई कुळकुळीत काळी.

म्हणजे सकाळीच दोन वेगवेगळी सेम तयार झाली होती. फोटोचं सेम म्हणजे चेहरा कापा, मागचं पांढरं करा, रंगाला हात लावू नका. सहीचं सेम म्हणजे रंग पार उडवा. सहीला लावलेलं फोटोला लावलं तर पोरगी बँकेत लागायच्या ऐवजी पोलीस स्टेशनच्या बोर्डावर लागेल.

आता कुठलं सेम? मी शहाणपणा करून पर्याय दिले. "काका, फोटो की सही? आणि मोठीचं की धाकट्याचं?" उत्तर आलं, नुसता अंगठा. तो पिवळा.

एवढा राग आला म्हणून सांगू! दोन प्रश्न, चार उत्तरं शक्य, आणि माणूस अंगठा दाखवतो. समोर उभ्या असलेल्या बाईंची मार्कशीट मी तीनदा एकाच बाजूने झेरॉक्स केली त्या नादात. दुसऱ्यांदा लिहिलं, "काका अंगठा नको, नीट सांगा." त्यावर काका, "अंगठाच पाहिजे ताई."

तेव्हा उजेड पडला. फॉर्मला फोटो, सही यांच्यासोबत डाव्या अंगठ्याचा ठसा लागतो. काका गेला अर्धा तास मला उत्तर देत होते बिचारे. ठशाचा फोटो त्यांनी पाठवलापण होता, पण दिराच्या मोबाईलवर, आणि दिराचा मोबाईल द्वारकेला.

तो मागवला. आला तर रेघांच्या वहीचा कागद, निळ्या शाईत ठसा, बाजूला चहाचा डाग. आता इथे "सेम" करायचं म्हणजे काय? फोटोचं माप लावलं तर ठसा २०० बाय २३० मध्ये दाबला जातो, त्याला चौरस लागतो, २४० बाय २४०. बरं, केबी मात्र फोटोएवढेच, २० ते ५०. सहीचा कॉन्ट्रास्ट लावला तर ठशातल्या बारीक रेषा एकमेकीत मिसळून शाईचा गोळा होतो. आणि तोच पांढरा कागद, तीच काळी-निळी शाई, असं वाटून फोटोची क्वालिटी, म्हणजे १००, तशीच ठेवून सेव्ह केलं तर फाईल झाली ५७ केबी. फोटो त्याच क्वालिटीला ३८ होता. कारण फोटोत अर्धी जागा सपाट पांढरी, ती जेपेगला स्वस्तात पडते, आणि ठशात मिलिमीटर-मिलिमीटरला रेषा, वर वहीच्या रेघा फुकट. क्वालिटी थोडी खाली ओढली तेव्हा ४४ वर आली. म्हणजे निकाल सेम हवा असेल तर आकडा बदलावा लागतो, आणि आकडा सेम ठेवला तर निकाल बदलतो. काका म्हणतात सेम, पण त्यांना हवंय एवढंच, की साईटने घ्यावं.

आमच्या नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, १९२८ पासूनचा. तिथेसुद्धा दुसरी नोट सेम म्हणजे नंबर सोडून सेम, आणि नंबरपण सेम निघाला तर पोलीस येतात. पण त्यांना निदान कळतं कुठली गोष्ट सोडायची. माझ्याकडे ते काकांच्या मनात असतं.

वहीच्या रेघा असलेला ठसा मी पाठवला नाही. कोऱ्या कागदावर परत घ्यायला सांगितलं, आणि यावेळी शहाणी झालेली असल्यामुळे प्रश्न एकच, आणि तोही उत्तर आपणच भरून, "काका, मुलीचा डाव्या हाताचा अंगठा, कोऱ्या कागदावर, बरोबर?" असं विचारलं की माणूस अंगठा दाखवून मोकळा झाला तरी त्याचा एकच अर्थ निघतो, आणि आपण चुकीचं धरलं असेल तर लोक लगेच खवळून दुरुस्त करतात. "कोणत्या दुसऱ्याचं" विचारलं तर आळस करतात, पण चुकीचं सांगितलं तर धावत येतात, हा मनुष्यस्वभाव आहे. झालंही तसंच, काकांचा ताबडतोब फोन, "डावा कशाला ताई, ती उजव्या हाताने लिहिते!" म्हणजे पहिला ठसा उजव्याचा होता. साईटने मापं बघून तो गुपचूप घेतला असता. परीक्षेच्या दिवशी पोरीचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

प्रत्येक वेळी एवढी चौकशी मी करत नाही हं. फाईल पुन्हा करता येत असेल तर अंदाजाने करून पाठवते, खाली लिहिते अमुक धरून केलंय, चुकलं तर दहा मिनिटांत बदलते. पण फ्लेक्स, पत्रिका, लॅमिनेशन असलं काही असेल, म्हणजे एकदा मशीनमधून गेलं की गेलं, तिथे नाव उच्चारून हो म्हणवून घेतल्याशिवाय बटण दाबत नाही. गिऱ्हाईक वैतागलं तर वैतागो. एका पत्रिकेवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "मागच्या वेळी तुमच्या भाऊजींनी काही विचारलं नव्हतं." मागच्या वेळी त्यांच्या पत्रिकेत मुहूर्त थोरल्या भावाच्या लग्नाचा छापून गेला होता, तो भाग ते विसरले.

संध्याकाळी दिराला बसवलं आणि नवी वही केली. स्केलने रेघा मारून रकाने पाडले, नाव, कशाचं, कोणत्या फॉर्मसाठी, माप, केबी, आणखी काय केलं. समजावून सांगितलं की दुपारी मला फक्त ही वही बोलते, तू नाही. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बघते तर पहिली ओळ सुंदर भरलेली, मोत्यासारखं अक्षर, केबीसकट. आणि त्याखाली पानभर, प्रत्येक रकान्यात, प्रत्येक ओळीला, "वरीलप्रमाणे."

पान उलटलं. नव्या पानाची पहिलीच ओळ, "वरीलप्रमाणे."