पायलट प्रोजेक्ट मंजूर करून घेण्याची खात्रीची रीत

बुटीबोरीच्या एमआयडीसीत तुम्ही नोकरीला असाल आणि कॉम्प्रेसरच्या हवेची गळती थांबवण्यासाठी एका शेडपुरता पायलट प्रोजेक्ट राबवावा, असा प्रस्ताव साहेबांपुढे ठेवण्याची दुर्बुद्धी तुम्हाला झाली असेल, तर एक पथ्य कसोशीने पाळा : आजची गळती किती आहे, ते मोजू नका. मोजणे अवघड असते तर निदान सबब तरी मिळाली असती. रविवारी उत्पादन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ घेऊन उभे राहायचे, एवढेच ते काम आहे. हवा कोणीच वापरत नसताना तो तीन मिनिटे लोडवर, म्हणजे हवा दाबत, आणि सात मिनिटे अनलोडवर, म्हणजे नुसताच फिरत चालला, तर गळती ३० टक्के. हा आकडा एकदा कागदावर चढला की काम संपल्यावर त्याच दाबाला पुन्हा मोजून दाखवावे लागते, आणि हा धोका कोणी पत्करावा?

फायद्याचा हिशेब मात्र सढळ हाताने करा. यंत्र ३७ किलोवॉटचे, वर्षाला ६,००० तास चालणारे आणि युनिट ८ रुपयांचे धरले, तर गळती १० टक्क्यांवर आणल्यास ७.४ किलोवॉट, म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख ५५ हजार रुपये वाचतात. येथेच लेखणी खाली ठेवा. अनलोडवर फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसरही पूर्ण भाराच्या साधारण ३० टक्के वीज खातच असतो आणि ती वजा केली की बचत जेमतेम २ लाख ४९ हजारांवर येते, ही गोष्ट देखभाल विभागातील जुन्या माणसांपाशीच राहू द्यावी.

खर्चात कपलिंग, पाइप आणि बॉल व्हॉल्व्हचे ३८ हजार दाखवा. फिटर मंडळींच्या रविवारच्या ओव्हरटाइमचे २२ हजार दाखवू नका, कारण रविवार काय, तो तसाही येतोच. (दोन्ही धरून ६० हजार आणि बचतही खरी लिहिली, तरी पैसे तीन महिन्यांत वसूल होतात, पण इतक्या सरळ प्रस्तावावर साहेबांचा विश्वास बसेल का?)

मुदत दोन आठवडे लिहा. दुरुस्तीला तेवढे पुरतात. कपलिंगमधली रबरी सील पुन्हा झिजतात आणि गळती हळूहळू परतते, म्हणून पुढे तीन-चार आठवडे दर रविवारी मोजत राहावे लागते. तोवर तुमचे अभिनंदन उरकलेले असावे. गळती १५ टक्क्यांखाली न आल्यास काम दुसऱ्या शेडमध्ये नेणार नाही, असली अट तर स्वप्नातही घालू नका.

अखेरीस पुरावा म्हणून कारखान्याचे मे महिन्याचे आणि ऑगस्टचे वीजबिल शेजारी शेजारी जोडा. नागपुरात मे महिन्यात प्रत्येक खोलीत कूलर घरघरत असतो आणि ऑगस्टमध्ये तो बंद असतो, हे साहेबांना आठवलेच, तर कॉम्प्रेसरला वेगळा सबमीटर बसवण्याचा खर्च आपण कंपनीच्या हितासाठीच टाळला होता, असे नम्रपणे सांगावे.