गळक्या नळासाठी दुकानदाराला लिहिलेले एक पत्र

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका शेजारणीने नळाच्या वॉरंटीसाठी दुकानदाराला लिहिलेले पत्र मला दाखवले. दोन पाने भरून लिहिले होते आणि त्यात मनस्ताप, विश्वासघात, ‘आम्ही जुने गिऱ्हाईक’ हे सगळे होते. नळ नेमका कोठून गळतो, एवढेच नव्हते. माझ्या मते अशा पत्रात दोन गोष्टी निर्विवाद असाव्या लागतात, खरेदीची तारीख आणि गळतीची जागा. मागच्या वर्षी मला स्वतःला असे पत्र लिहावे लागले होते, म्हणून ते कसे लिहिले गेले ते सविस्तर सांगते.

स्वयंपाकघराचा ओटा नवीन करताना १८ ऑक्टोबर २०२४ रोजी मी पेठेतल्या एका दुकानातून भिंतीला बसणारा सिंक कॉक घेतला. ओट्याचे काम दिवाळीमुळे लांबले आणि नळ बसला ९ नोव्हेंबरला. ६ मार्च २०२५ रोजी सकाळी सिंकच्या कडेवर पाणी साचलेले दिसले. नळ बंद होता आणि त्याच्या तोंडातून थेंबही पडत नव्हता. पाणी नळाच्या अंगावरून, खालच्या बाजूने येत होते.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने फोटोकडे नीट न पाहताच निकाल दिला, “काकू, तुमच्याकडे टँकरचं पाणी असणार. क्षार धरतात, त्याला वॉरंटी नसते.” मी म्हटले, “अहो, आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं.” त्यावर, “मग प्लंबरने जास्त आवळला असेल. आणि चार महिने चांगला चाललाच ना?” एका दमात तीन आक्षेप. तिन्ही आक्षेप मूर्खपणाचे नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत जे अपवाद छापलेले असतात, त्यांत क्षार, पाण्यातला कचरा आणि चुकीची जोडणी ही तिन्ही सहसा असतातच. त्यामुळे पत्रात आधी या तिघांना उत्तर द्यायचे, असे मी ठरवले.

त्यासाठी नळ समजून घ्यावा लागतो. भिंतीतून आलेले पाणी आधी नळाच्या मागच्या भागात येते आणि स्पिंडलपाशी, म्हणजे दांडीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागापाशी, अडते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात तेथे सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या चकत्यांच्या मागच्या भागावर रात्रंदिवस पाण्याचा दाब असतो. पुढच्या भागात फक्त नळ उघडल्यावर पाणी जाते. म्हणून बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असतील, तर चकत्यांमध्ये वाळूचा कण अडकलेला असतो किंवा त्या खराब झालेल्या असतात. टाकी धुतल्यानंतर असे हमखास होते आणि तेथे दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. नळ उघडल्यावर दांडीखालून पाणी आले, तर तेथले रबराचे कडे गेलेले असते. भिंतीलगतच्या गोल चकतीमागून ओल आली, तर तो जोडाचा, म्हणजे आट्यांचा आणि टेफ्लॉन टेपचा प्रश्न असतो. तो प्लंबरकडे जातो. आणि यांपैकी कोठूनही नाही, धातूच्या सलग अंगातूनच पाणी येत असेल, तर दोष ओतकामाचा.

आमच्या नळाची परीक्षा मी अगदी घरगुती पद्धतीने केली. नळ कापडाने कोरडा पुसला, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली आणि चष्मा लावून वाट पाहिली. साधारण अर्ध्या मिनिटात भिंतीची चकती आणि दांडी यांच्या मधोमध, नळाच्या पोटाकडच्या बाजूला, पावडरीत मोहरीएवढा ओला ठिपका उमटला आणि तेथून ओघळ निघाला. जोडापाशी आणि दांडीपाशी पावडर कोरडीच होती. हेच तीनदा केले, तिन्ही वेळा ठिपका त्याच जागी. मग नळ पूर्ण उघडून पाहिले, तर त्या जागची गळती मंदावली. बंद केल्यावर पुन्हा वाढली. दाबाखालच्या मागच्या भागात छिद्र असल्याची ही चांगली खूण आहे, कारण नळ उघडला की तेथला दाब उतरतो. खाली भांडे धरले, तर १० मिनिटांत ४० मिलिलिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाला पावणेसहा लिटर.

आता ‘चार महिने चालला’ या आक्षेपाकडे येते, कारण तो सर्वांत चिवट आहे. पितळ ओतताना आत वायूचा बुडबुडा अडकला, तर तेथे पोकळी राहते. नंतर घासून गुळगुळीत करताना वरचा थर पातळ होतो आणि शेवटी चढवलेला क्रोमचा मुलामा ते छिद्र झाकून टाकतो. असा नळ पहिल्या दिवशी गळतोच असे नाही. सततच्या दाबाने तो पातळ पडदा काही महिन्यांनी सुटतो आणि मग पाणी झिरपू लागते. छिद्राभोवती थोड्याच दिवसांत पांढरे कडे जमते, कारण झिरपलेले पाणी वाळते आणि त्यातले क्षार मागे राहतात. दुकानदाराने फोटोत पाहिले ते हेच कडे. तो गळतीचा परिणाम होता, कारण नव्हे.

या सगळ्या काळात प्लंबरला नळ खोलू दिला नाही आणि छिद्रावर एम-सीलही लावले नाही. स्वयंपाकघराच्या लाइनची चावी रात्री बंद करत होतो आणि दिवसा खाली पातेले ठेवत होतो. हे जिकिरीचे असते, पण एकदा कोणी पाना लावला की ‘छेडछाड केली’ हे म्हणायला कंपनीचा माणूस मोकळा होतो.

बिलाची एक अडचण होती. त्यावर नुसते ‘सिंक कॉक, १ नग’ असे होते, मॉडेल नव्हते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्काही नव्हता. सुदैवाने खोका मी टाकला नव्हता आणि त्यावर मॉडेल क्रमांक होता. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, नळ बसवल्याच्या तारखेपासून नव्हे, हेही कार्डावर स्पष्ट होते. म्हणून दोन्ही तारखा लिहिल्या, पण मागणी पहिलीवर उभी केली. (मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरचे बिल असेल, तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढावा. ती अक्षरे वर्षभरात उडतात.)

पत्र असे होते:

“प्रति, व्यवस्थापक.
दिनांक १० मार्च २०२५.
विषय: सदोष सिंक कॉक वॉरंटीअंतर्गत बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपल्या दुकानातून दिनांक १८ ऑक्टोबर २०२४ रोजी सोबतच्या बिलाने एक सिंक कॉक २,३५० रुपयांस खरेदी केला. बिलावर मॉडेलचा उल्लेख नाही. तो क्रमांक खोक्यावर असून त्याचा फोटो जोडला आहे. नळ दिनांक ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बसवण्यात आला.

दिनांक ६ मार्च २०२५ रोजी या नळाच्या मुख्य भागातून, भिंतीची चकती आणि दांडी यांच्या मधोमध खालच्या बाजूने, पाणी झिरपत असल्याचे आढळले. नळ बंद असतानाही गळती सुरू राहते आणि १० मिनिटांत सुमारे ४० मिलिलिटर पाणी जमा होते. नळाच्या तोंडातून, दांडीखालून किंवा भिंतीच्या जोडातून गळती नाही. गळतीची जागा आट्यांपासून दूर आहे आणि तेथे तडा नाही, त्यामुळे ती आवळण्यामुळे झालेली नाही. आमच्याकडे महापालिकेचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते; टाकी आमच्या नळापासून सुमारे १२ मीटर उंचीवर असल्याने दाब साधारण १.२ किलो आहे. नळावर ॲसिड वापरलेले नाही आणि नळ कोणीही खोललेला नाही.

हा ओतकामातील दोष असून वॉरंटी कार्डावर नळाच्या मुख्य भागास वॉरंटी दिलेली आहे. तरी आपण ७ दिवसांत कंपनीच्या प्रतिनिधीकडून जागेवर तपासणी करून घ्यावी आणि नळ त्याच मॉडेलच्या नवीन नळाने बदलून द्यावा. नळ बदलण्यास नकार असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची छायाप्रत, खोक्याचा फोटो, गळतीचे तीन फोटो.

आपली विश्वासू”

दाबाचा आकडा काढायला कोणतेही यंत्र लागले नाही. १० मीटर उंचीला साधारण १ किलो, एवढा हिशेब पुरतो. कायद्याचा उल्लेख मी जाणूनबुजून टाळला. ग्राहक आयोगाकडे जायला दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार करता येते, हे मला ठाऊक होते. पण पहिल्याच पत्रात धमकी दिली की दुकानदार ते पत्र कंपनीकडे पाठवण्याऐवजी ड्रॉवरमध्ये टाकतो. त्यापेक्षा ‘नकाराचे कारण लेखी कळवावे’ हे एक वाक्य जास्त काम करते, कारण ‘क्षार धरतात’ असे तोंडाने म्हणणे सोपे असते, सहीनिशी लिहून देणे अवघड.

पत्र मी स्वतः नेऊन दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोहोच घेतली. शिक्का मारताना शेठ जरा नाराज झाले, पण मारला.

१५ मार्चला कंपनीचा माणूस आला. पत्र त्याच्या हातात होते, ही माझ्या दृष्टीने अर्धी लढाई होती. त्याने नळ पुसला, पातळ कागदाची पट्टी गुंडाळली, ठिपका उमटलेला पाहिला, पाना पिशवीतून बाहेरही काढला नाही आणि फॉर्मवर ‘बॉडी लीकेज’ असे लिहिले. २२ मार्चला नवीन नळ मिळाला. तो बसवण्याचे ३०० रुपये मलाच द्यावे लागले, कारण वॉरंटी वस्तूची होती, मजुरीची नव्हती. त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. कार्डावर तसे लिहिलेच होते.

कार्डावर आणखी एक ओळ होती, ती मी आधी वाचली नव्हती. बदलून मिळालेल्या नळाला नव्याने पूर्ण वॉरंटी मिळत नाही, मूळ खरेदीपासून उरलेलीच मुदत चालू राहते. म्हणजे नळ मार्च २०२५ चा असला, तरी त्याचे वय अजूनही १८ ऑक्टोबर २०२४ पासूनच मोजले जाते. त्यामुळे जुने बिल आणि बदलीची चिठ्ठी एकत्र टाचून ठेवली आहे. शेजारणीला तीच दाखवली आणि मग दोघींनी मिळून तिच्या नळावर पावडर टाकली. तिचा नळ दांडीखालून गळत होता. दोन पानांचे पत्र बाजूला राहिले. नवीन पत्र नऊ ओळींत बसले आणि त्यात आख्खा नळ नव्हे, फक्त स्पिंडल बदलून मागितला आहे.