एका दिवसात खोली रंगत नाही

"पेंटर तुम्हाला फसवतात! एका खोलीचा रंग एका दिवसात होतो. सकाळी लांबी भरा, दुपारी प्रायमर, संध्याकाळी रंगाचे दोन हात. फुल स्पीडवर पंखा लावला की प्रत्येक हात तासाभरात वाळतो. रात्री त्याच खोलीत झोपा. दिवस वाढतात ते फक्त हजेरीसाठी. सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज माझ्या खानापूरच्या आत्याकडे पोचला आणि तिने रविवारच्या बारशासाठी शनिवारी पेंटर बोलावला. त्याने "जमणार नाही" म्हटल्यावर तिने त्यालाच चार शब्द सुनावले. मी स्वतः बेळगावच्या अनगोळात रंगकामं घेतो, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक आहे ते लांबीचं. लांबी म्हणजे भिंत सपाट करायला भरतात ती पुट्टी, रंगासारखा पातळ थर नव्हे. भेगेत, खिळ्याच्या भोकात, पोपडा निघालेल्या खड्ड्यात ती जाड बसते. म्हणून एका हातात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त भरू नये. खड्डा खोल असेल तर दोनदा भरावी, आणि मधे रात्र जाऊ द्यावी. वरून ती तासा-दोन तासांत पांढरी दिसते, पण आत पाणी तसंच असतं. त्यावर दुपारी प्रायमर मारला की आतल्या पाण्याची वाट बंद होते. मग ते पाणी वरचा थर ढकलत बाहेर यायला बघतं. भिंतीवर फोड येतात, आणि पुढे नेमक्या भरलेल्या जागांचे पोपडे सुटतात. लोक म्हणतात रंग वाईट होता. रंगाचा काही दोष नसतो, घाई नडलेली असते.

लांबी वाळली का, हे घड्याळाला विचारू नका. तळहात लावून बघा. ओली जागा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गार लागते आणि रंगाला जराशी गडद दिसते. मग काचपेपर घासा. कोरडी पांढरी पूड उडाली तर पुढे जा. पूड न उडता कागदालाच पीठ चिकटून तो भरत असेल तर हात थांबवा. एवढी परीक्षा घरातलं कोणीही करू शकतं.

आता त्या पंख्याकडे वळू. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. पाण्यातला इमल्शन रंग बोटाला न चिकटण्याइतका अर्ध्या-पाऊण तासात होतो. पण बोटाला न चिकटणं आणि दुसरा हात झेपणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी पाणी उडून जातं. त्यानंतर रंगातले चिकट कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो. तो नीट बनण्याआधी वर ओला रोलर फिरवला की खालचा रंग मऊ पडतो, रोलरबरोबर उचलतो आणि भिंतीवर ठिगळं दिसू लागतात. म्हणून बऱ्याच इमल्शनच्या डब्यांवर दोन हातांमधे साधारण चार ते सहा तास लिहिलेले असतात.

त्या चार-सहा तासांमागची अट मात्र कोणी वाचत नाही. आपल्याकडे रंगाच्या चाचण्यांसाठी आयएस 196 या भारतीय मानकाची हवा धरतात. म्हणजे सुमारे 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता. मार्च-एप्रिलमधे बेळगावात दुपारी एवढं किंवा याहून कोरडंच असतं, तेव्हा डब्यावरचे तास जुळतात. जून ते सप्टेंबर हवा गार आणि पाण्याने भरलेली असते. खानापूरकडे तर त्याहून जास्त. तेव्हा पंखा तीच ओली हवा खोलीत फिरवत राहतो, पाणी जाणार कुठे? चार तासांचे सहज आठ होतात, आणि मी सरळ रात्र धरतो. उघड्या खिडकीशेजारी हलका वारा चांगला. पण फुल स्पीडचा पंखा ताज्या रंगावर आणला की वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि धूळ चिकटते ती वेगळीच.

मग दिवस काढायचे कसे? आत्याचीच खोली घ्या, दहा बाय बारा, उंची दहा फूट. दार-खिडकी वजा करून भिंती साधारण 400 चौरस फूट. छत सध्या सोडून द्या. मार्च महिना धरा आणि गुरुवारी सकाळी नऊला काम सुरू करा. पहिल्या दिवशी सामान हलवणं, झाकणं, सुटलेला रंग खरवडणं, भिंत पुसणं आणि दुपारनंतर लांबीचा पहिला हात. यात सहा तास गेले. शुक्रवारी घासून लांबीचा दुसरा पातळ हात, तीन तास. शनिवारी सकाळी घासणं, पुसणं आणि साडेअकरापर्यंत प्रायमर. साडेचारला रंगाचा पहिला हात. हे मिळून सहा तास. रविवारी सकाळी दुसरा हात, अडीच तास, की दुपारी बारापर्यंत भिंती संपल्या. हाताला काम साडेसतरा तास, घड्याळात मात्र 75. बाकीचा सगळा वेळ भिंत वाळत होती.

हीच खोली जुलैत घ्या. हाताचे तास तेवढेच राहतात. पण शनिवारी प्रायमरवर थांबावं लागतं, पहिला हात रविवारी, दुसरा सोमवारी. पावसाने झड लावली आणि लांबी काचपेपरला भरत राहिली तर मंगळवार. म्हणजे पेंटर किती वेगाने रोलर फिरवतो यावरून दिवस काढू नका. थर किती आहेत ते मोजा आणि वाळायचा कुठला वेळ रात्रीत बसतो ते बघा. संध्याकाळी मारलेला हात रात्री फुकटात वाळतो, कारण रात्री काम होणारच नसतं. दिवसाच्या मधोमध थांबावं लागतं तेवढंच अंगावर येतं.

हजेरीचा आरोपही याच हिशोबात निघून जातो. मधल्या वेळात जाणता पेंटर दुसरी खोली धरतो, म्हणून दोन खोल्यांना दुप्पट दिवस लागत नाहीत. शंका असेल तर उक्तं काम द्या, मग दिवस वाढवून त्याला काही मिळत नाही. उक्त्यात मात्र घाई वाढते, म्हणून काचपेपरची परीक्षा स्वतः घ्या.

एका दिवसाचं काम कधी होतंच नाही, असंही नाही. भिंत सपाट, तोच रंग पुन्हा, लांबी नको, प्रायमर नको, आणि हवा कोरडी, तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक हात मारता येतो. अशा भिंती मला क्वचित दिसतात. दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट तर यात धरूच नका. तो पाणी उडून नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, आणि त्याच्या दोन हातांमधे रात्र लागतेच.

झोपायचं असेल तर निदान एक रात्र खिडक्या उघड्या ठेवून जाऊ द्या. कपाट भिंतीला टेकवू नका, वीतभर पुढे ठेवा, नाहीतर पाठ चिकटून रंग उतरतो. ओल्या फडक्याने भिंत पुसायची तर निदान आठवडाभर थांबा.