परदेशातून: माफीनामा नको, तारखा द्या

"सईवर कॉपीचा आळ आलाय रे. रिपोर्टमध्ये ३१ टक्के साम्य दाखवतंय. शून्य मार्क दिलेत. माफी मागून मोकळं व्हावं की कडक मेल ठोकावा?"

ताई, दोन्ही नको. रविवारपासून तुमची ग्रुपवरची भांडणं मी इथे लीड्समध्ये बसून वाचतोय, आणि चहा गार होतोय. भाऊजी म्हणतात, दहा टक्क्यांच्या वर गेलं म्हणजे कॉपीच. तो हिशेब आपल्या यूजीसीच्या २०१८च्या नियमांतला. इथे तिला टक्क्यांवरून पकडलेलंच नाही; त्या ३१मध्ये संदर्भसूची आणि अवतरणंही मोजली गेलीत. पत्र नीट वाचा. आरोप रूममेटशी संगनमताचा आहे, एक तक्ता आणि तीन परिच्छेद जुळतात म्हणून.

नानाकाकांनी तर १९८७चा फिजिक्सचा पेपर काढला. फेरतपासणीत अकरा मार्क वाढले म्हणे! काका, ते पुण्यात. इथे परीक्षकाच्या शैक्षणिक मतावर अपील चालत नाही. "माझ्या मेहनतीला न्याय द्या" एवढ्याने मेल पहिल्याच टेबलावर अडतो. प्रक्रियेत चूक झाली, किंवा पुरावा आधी देता आला नाही, असं काहीतरी दाखवावं लागतं.

सईकडे दोन्ही आहे. सुनावणीआधी पाच दिवसांची नोटीस हा त्यांचाच नियम, तिला मिळाले दोन. त्यामुळे फाइलची व्हर्जन हिस्टरी काढायला वेळच उरला नाही. त्यात तो तक्ता ४ मार्चच्या रात्री ओळीओळीने भरलेला दिसतो. रूममेटच्या फाइलमध्ये तो ९ तारखेला एकदम चिकटवलाय. मेलमध्ये एवढंच हवं: वर विद्यार्थी क्रमांक आणि निर्णयपत्राची तारीख, मग नियमाचं कलम, तारखांचा क्रम, क्रमांक घातलेली जोडपत्रं, आणि शेवटी मागणी, की निर्णय रद्द करून नव्या समितीपुढे सुनावणी घ्या. "वंशभेद" हा शब्द पुराव्याशिवाय घालू नका. मुदत दहा कामकाजाच्या दिवसांची आहे, सहा गेले.

एक प्रश्न मात्र मलाही छळतोय. ती फाइल रूममेटकडे गेली कशी? सईने स्वतः दिली असेल, तर देणं हाही इथे बऱ्याच ठिकाणी गुन्हाच. ती म्हणते, लॅपटॉप उघडा होता. समिती काय मानेल, सांगता येत नाही.

आणि तुमच्यावर एवढा का चिडलो, तेही सांगतो. २००९मध्ये मलाही असंच बोलावलं होतं. कॉपी केली नव्हती. पण "परक्या मुलखात नमतं घ्यावं" हा पेठेतला सल्ला फोनवर ऐकून मी सही केली, आणि मार्क पासापुरत्या ५०वर अडकले. घरी कधी बोललो नाही.

काल सईचा मेल मीच लिहायला बसलो. पहिलंच वाक्य उतरलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे." सईनेच ते खोडलं.