‘आलेखावरचा मध्यक म्हणजे अंदाजपंचे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

> लेख वाचला. सूत्राने अचूक उत्तर येत असताना आलेखावरून अंदाजपंचे मध्यक कशाला काढायचा? शिवाय n/2 नव्हे, (n+1)/2 घ्यायचं असतं, हे अकरावीतल्या पोरालाही कळतं. आलेखावर प्रमाणही लिहिलेलं नाही. एक्सेलच्या जमान्यात पट्टी-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांनी मुलांना गणित शिकवू नये, ही विनंती.

संचित वारंवारतेच्या वक्रावरून आंब्यांच्या वजनाचा मध्यक, म्हणजे निम्मे आंबे ज्याच्या खाली येतात ते वजन, कसा वाचायचा, या माझ्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया. तिच्याबद्दल आभार. प्रमाणाचं तुमचं म्हणणं मान्य आहे. X-अक्षावर १ सेंमी = १० ग्रॅम आणि Y-अक्षावर १ सेंमी = १० आंबे, हे आलेखाच्या कोपऱ्यात आता लिहिलं आहे.

पण शेवटचं वाक्य मला लागलं, आणि ते लागावं म्हणूनच तुम्ही लिहिलं आहे. असहमती दाखवायला कोणाची ना नाही. मात्र कोणी शिकवावं आणि कोणी शिकवू नये, याचा निकाल चार ओळींच्या प्रतिक्रियेत लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. त्याआधी देवगडजवळच्या आमच्या बागेतला आंबा वजनावर निवडून पेटीत भरला आहे. लेखातलं उदाहरण आंब्यांचं आहे ते त्यामुळेच. मोठा आंबा कुठे संपतो आणि मध्यम कुठे सुरू होतो, हा आमच्या घरी दर हंगामातला प्रश्न होता.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येतो, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे. सूत्र अचूक आणि आलेख अंदाजे, असं तुम्ही धरून चालला आहात. लेखातला तक्ता पुन्हा समोर ठेवतो.

| वजन (ग्रॅम) | आंबे | संचित वारंवारता |
|---|---|---|
| १५०–१८० | ६ | ६ |
| १८०–२१० | १८ | २४ |
| २१०–२४० | ३० | ५४ |
| २४०–२७० | ३६ | ९० |
| २७०–३०० | २० | ११० |
| ३००–३३० | १० | १२० |

आंबे १२०, म्हणजे निम्मे ६०. संचित वारंवारता, म्हणजे त्या वजनापर्यंतच्या आंब्यांची बेरीज, २४० ग्रॅमला ५४ आहे आणि २७० ग्रॅमला ९०. म्हणजे ६० हा आकडा या दोन बिंदूंच्या मध्ये कुठेतरी गाठला जातो. आलेखावर हे दोन बिंदू पट्टीने जोडायचे, Y-अक्षावरच्या ६० पासून आडवी रेघ ओढायची, ती वक्राला जिथे छेदते तिथून X-अक्षावर लंब टाकायचा. लंब २४५ वर पडतो.

आता तुमचं सूत्र घ्या.

```
L + ((N/2 - cf) / f) × h
```

यात N म्हणजे एकूण आंबे १२०, L म्हणजे मध्यकाच्या वर्गाची खालची मर्यादा २४०, cf म्हणजे आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता ५४, f म्हणजे त्या वर्गातले आंबे ३६ आणि h म्हणजे वर्गाची रुंदी ३०. साठाला पोचायला ५४ च्या पुढे ६ आंबे लागतात. त्या वर्गात एकूण ३६ आहेत, म्हणजे वर्गाचा सहावा भाग चालून जायचं. तीस ग्रॅमचा सहावा भाग ५ ग्रॅम. उत्तर २४५.

सूत्राने इथे नेमकं काय केलं ते बघा. (२४०, ५४) आणि (२७०, ९०) हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले आणि त्या रेषेवर ६० ची उंची कुठे येते ते शोधलं. आलेखावर पट्टीने जे केलं, तेच. दोन समरूप त्रिकोणांचं गुणोत्तर मांडा, हेच सूत्र हातात येतं. मी वर्गात सूत्र आधी कधीच दिलं नाही. आधी वक्र काढून घ्यायचो आणि मग त्रिकोण दाखवायचो. ज्या मुलांनी त्रिकोण पाहिला, त्यांचा cf चुकीच्या वर्गाचा घेण्याचा घोळ बहुतेक थांबला. आधीच्या वर्गाची संचित वारंवारता का घ्यायची, हे पाठ करण्याची गरजच राहिली नाही. रेषा जिथून सुरू होते तिथली उंची म्हणजे cf.

तेव्हा सूत्र अचूक असेल तर पट्टीने जोडलेला आलेखही अचूक आहे, आणि आलेख अंदाज असेल तर सूत्रही अंदाजच. खरी गोष्ट दुसरी आहे. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: २४० ते २७० मधले ३६ आंबे त्या तीस ग्रॅमांत एकसारखे पसरलेले आहेत. तक्ता तसं कुठेही सांगत नाही. ते सगळे २६० च्या पुढचे असू शकतात. मग खरा मध्यकही २६० च्या पुढे जाईल. तक्त्यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की मध्यक २४० ते २७० च्या दरम्यान आहे. त्यापुढचं सगळं गृहीतकाच्या भरवशावर. सूत्राच्या उत्तराला दशांश चिन्हापुढे दोन आकडे लागले म्हणून त्या गृहीतकाचं सत्य होत नाही.

हे इतक्या पोटतिडकीने सांगतो त्याला कारण आहे. एकदा पेपर तपासणीत एका मुलीचा वक्र माझ्या हाती आला. बिंदू सगळे बरोबर, वरच्या वर्गमर्यादांवर घेतलेले, लंब व्यवस्थित टाकलेला. उत्तर छापील उत्तरापेक्षा एका मिलिमीटरने सरकलेलं होतं. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ तपासनिसांनी सूत्राने पडताळून बघितलं आणि ‘चूक’ म्हणून गुण कापायला सांगितलं. पेन्सिलीच्या टोकाची जाडी तेवढी असते, हे त्यांना पटेना. मी भांडलो. तुमच्या प्रतिक्रियेत मला तोच सूर ऐकू आला, म्हणून उत्तर लांबलं.

आलेखात खरोखर चूक होते ती वेगळीच, आणि ती पकडता येते. संचित वारंवारतेचा बिंदू वर्गाच्या वरच्या मर्यादेवर घ्यायचा असतो, कारण ५४ आंबे ‘२४० पेक्षा कमी’ आहेत हेच आपल्याला माहीत आहे. मुलं वारंवारता बहुभुजाच्या सवयीने तो वर्गमध्यावर घेतात, म्हणजे २२५ वर ५४ आणि २५५ वर ९०. मग मध्यक २३० येतो. पूर्ण वक्र अर्ध्या वर्गाने, म्हणजे १५ ग्रॅम डावीकडे सरकलेला असतो. ओळखायचं कसं? वक्र १२० ला कुठे पोचतो ते बघा. इथे तो ३१५ वर पोचेल, म्हणजे ३१५ ग्रॅमपेक्षा जड एकही आंबा नाही असं तो म्हणेल, आणि तक्ता तर ३३० पर्यंत जातो. सुरुवातही तपासा: १५० ग्रॅमला शून्य हा बिंदू घेतलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या वर्गातले सहा आंबे आलेखात अधांतरी राहतात.

सूत्र जे दाखवत नाही आणि वक्र दाखवतो, अशी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे: चढ. मध्यकापाशी वक्र सगळ्यांत उभा आहे. तिथे Y-अक्षावर एका आंब्याची गफलत झाली, तर X-अक्षावर उत्तर जेमतेम ०.८ ग्रॅमने हलतं. शेवटच्या वर्गात वक्र आडवा पडलेला आहे. तिथे तीच एका आंब्याची गफलत ३ ग्रॅमची होते. म्हणून पंचविसावं शतमक, म्हणजे शंभरातले पंचवीस आंबे ज्याच्या खाली येतात ते वजन (३० आंब्यांची उंची, २१६ ग्रॅम), मी बऱ्यापैकी भरवशाने वाचेन. पंचाण्णवावं शतमक (११४ ची उंची, ३१२ ग्रॅम) वाचताना मात्र हात आखडता घेईन, कारण तिथे फक्त शेवटच्या दहा आंब्यांवर सगळा डोलारा उभा आहे. आमच्याकडे सर्वांत मोठ्या आंब्याची पेटी वेगळी काढायचे, तेव्हा वाद व्हायचा तो याच टोकाला, मधल्या मालावर कधीच नाही.

उलट दिशेनेही वक्र वाचता येतो. हातातला आंबा २५० ग्रॅमचा आहे. X-अक्षावर २५० पासून वर जा, वक्राला भिडा, डावीकडे या. उंची ६६. एकशेवीसात ६६ म्हणजे ५५ टक्के, म्हणून हा आंबा पंचावन्नाव्या शतमकावर. यासाठी तुमचं मध्यकाचं सूत्र उलटं करून बसावं लागतं.

(n+1)/2 चं थोडक्यात सांगतो. ते सुट्या, क्रमाने मांडलेल्या संख्यांसाठी आहे. १२० वजनं एकेक करून लिहिलेली असती तर साठावं आणि एकसष्टावं घेऊन सरासरी काढली असती, तिथे तुमचंच बरोबर. वर्गीकृत तक्त्याच्या वक्रावर ते लावून बघा. ‘पेक्षा कमी’ वक्रावर ६०.५ ला वाचलंत तर २४५.४ येतं, आणि जड आंब्यांकडून मोजत आणलेल्या ‘पेक्षा जास्त’ वक्रावर तीच उंची वाचलीत तर २४४.६. एकाच ढिगाचे दोन मध्यक. N/2 घेतलं की दोन्ही वक्र २४५ वरच छेदतात. अकरावीतल्या पोराला काय कळतं हे मला सांगू नका. मी त्यांच्याकडून हे दोन्ही वक्र एकाच कागदावर काढून घेतले आहेत.

राहिलं एक्सेल. त्यातल्या `MEDIAN` ला मूळ १२० वजनं लागतात. तक्ता हाती आला की ती वजनं हरवलेली असतात, आणि मग एक्सेललाही याच दोन बिंदूंमधली रेषा तुम्हालाच सांगावी लागते.

यापुढे हरकत असेल तर जरूर लिहा. कोणत्या वर्गात, कोणत्या बिंदूपाशी माझं वाचन चुकलं आहे, ते आकडे घालून लिहा. त्याला मी नक्की उत्तर देईन. कोणी काय शिकवू नये, या विनंत्या मात्र यापुढे इथे प्रकाशित होणार नाहीत.