बोर्डावर सगळ्यांचा एकच पॉइंट

"लीडरबोर्डमुळे निरोगी स्पर्धा तयार होते."

निरोगी कसली हो? मी डोंबिवलीत घरून, कॉम्प्युटरला गाड्या ओळखायला शिकवण्यासाठी, रस्त्यांच्या फोटोंवर गाड्यांभोवती बॉक्स काढायचं काम केलंय, कोणी किती फोटो केले त्याची क्रमवारी लीडरबोर्डावर लागायची, टार्गेट दिवसाला ४०० फोटो, म्हणजे आठ तास धरले तर एका फोटोला ७२ सेकंद. मोकळ्या हायवेचा फोटो २० सेकंदात होतो, पण दादर स्टेशनबाहेरचा, बसमागे अर्धी लपलेली टॅक्सी आणि तिच्यामागे बाईकचं नुसतं हँडल, असला नीट करायला चार मिनिटं जातात आणि बोर्डावर दोन्हीला पॉइंट एकच! मग संध्याकाळी लपलेल्या गाड्या सोडून द्यायच्या, मीही सोडल्यात आणि ते अजून खातं मला.

आमचं काम तपासायला मध्येच घुसवलेले, बरोबर बॉक्स आधीच ठरलेले फोटो सोपे असायचे म्हणून अ‍ॅक्युरसी मस्त दिसायची. त्याच रस्त्याच्या फोटोंत सकाळी सरासरी किती बॉक्स पडले आणि शेवटच्या दोन तासांत किती, एवढं जरी ताडून बघितलं असतं तरी गाड्या सुटतायत हे कळलं असतं.