रॅम आणि कार्ड घेण्याआधी एवढं तपासून द्या

«गेम पहिल्यासारखा चालत नसेल तर समजायचं, मशीन जुनं झालं. तपासत बसू नका. रॅम १६ ची ३२ करा, ग्राफिक्स कार्ड नवं टाका आणि विंडोज एकदा फॉरमॅट मारा. लॅग गेलाच म्हणून समजा!»

नमस्कार दादा,

हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, आणि फोनवर तुम्हीही साधारण हाच खर्च सांगितलात. खर्चाला माझी ना नाही. पण माझ्या पीसीचं दुखणं या तिन्ही इलाजांत बसत नाही, असं दिसतंय. म्हणून मशीनबरोबर हे पत्र ठेवतोय.

प्रोसेसर Core i5-10400F, त्यावर डब्यातून आलेलाच कूलर. कार्ड GTX 1660 Super, रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, गेम एसएसडीवर, रिझोल्यूशन 1080p. गेम सुरू केला की ७० च्या आसपास एफपीएस मिळतात. साधारण पंधराव्या मिनिटाला ते ३० वर घसरतात आणि तिथेच राहतात. पीसी अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावला की परत ७०. मशीन जुनं आणि अपुरं असतं तर ते पहिल्या मिनिटापासून अपुरं पडलं असतं. पंधरा मिनिटं नवं आणि मग म्हातारं, असं हार्डवेअर नसतं.

रॅमचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. गेम अडखळत असताना Task Manager मध्ये १६ पैकी ११ जीबीच्या आसपास वापर दिसतो, आणि घसरणीच्या आधी व नंतर तो आकडा जवळपास तोच असतो. रॅम भरली असती तर विंडोजने एसएसडीवर पाने टाकायला सुरुवात केली असती आणि मधूनमधून जोरदार झटके बसले असते. इथे झटके नाहीत, वेग एकसारखा कमी होतो. रिकाम्या ५ जीबीत आणखी १६ जीबी घालून काय होणार? फक्त दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये आहेत ना, ते CPU-Z मध्ये बघून घ्या. ते मात्र फुकट सुधारता येतं.

कार्डाचं प्रकरण जास्त फसवं आहे. एफपीएस पडले म्हणजे कार्ड दमलं, असंच कोणालाही वाटेल. मी HWiNFO64 चा लॉग चालू ठेवून खेळलो. सुरुवातीला कार्डाचा वापर ९७-९८ टक्के असतो, म्हणजे ते खरोखर पूर्ण ताकदीने राबतं. घसरण झाल्यावर तोच वापर ५० टक्क्यांवर येतो आणि कार्डाचं तापमान ७२ अंशांवरून उलट खाली जातं. दमलेलं कार्ड अर्धं रिकामं बसत नाही. ते कोणाची तरी वाट बघतंय. (एफपीएसवर मर्यादा घातली असली तरी वापर असा कमी दिसतो, म्हणून तीही बंद करून पाहिली.)

पडताळा सोपा आहे आणि तुम्हीही दुकानात करू शकता. घसरणीनंतर रिझोल्यूशन 720p करायचं. अडचण कार्डाची असेल तर एफपीएस लगेच वाढायला हवेत, कारण कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं. माझ्याकडे ते ३० चे ३१ झाले. पहिल्या दहा मिनिटांत हाच बदल केला तर मात्र चांगले वाढतात. म्हणजे आधी मर्यादा कार्डाची असते, नंतर प्रोसेसरची. मग याच प्रोसेसरवर दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलं तरी पंधराव्या मिनिटाला मी ३० वरच येणार.

आणि लॉगमध्ये प्रोसेसर काय करतोय ते स्पष्ट दिसतं. सुरुवातीला सगळे कोअर 4.0 GHz च्या जवळ. तापमान हळूहळू चढत १०० अंशांना टेकतं, Core Thermal Throttling समोर Yes येतं आणि वेग 2 GHz च्या आसपास उतरतो. १०० अंश ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. त्यापुढे जाऊ नये म्हणून तो स्वतःच वेग कापतो.

आता मुद्दा असा की ही उष्णता अडते कुठे. कूलरची एखादी पिन निसटली असती तर तापमानाने काही सेकंदांतच १०० गाठलं असतं. इथे पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे आधी कॅबिनेटमधली हवाच तापत जाते. कार्डाची उष्णताही त्याच हवेत मिसळते आणि कूलर तीच गरम हवा ओढतो. बाजूचं झाकण काढून खेळलो तर घसरण होतच नाही, प्रोसेसर ८७-८८ वर स्थिरावतो. पण उघड्या कॅबिनेटमध्येसुद्धा गेमसाठी एवढं तापमान मला जास्त वाटतं. त्यामुळे हवेच्या वाटेबरोबर कूलरमध्येही काहीतरी असावं, असा माझा अंदाज आहे. तो तुम्ही तपासावा.

फॉरमॅटबद्दल एवढंच, की झाकण काढल्याने जो दोष जातो तो विंडोजमध्ये नसतो. डिस्कला कृपया हात लावू नका.

तर कामाचा क्रम असा ठेवाल का? आधी मागचा पंखा फिरतोय का आणि हवा बाहेरच फेकतोय का, ते बघा. पुढची जाळी धुळीने बंद आहे का तेही. मग कूलरचा पंखा CPU_FAN वरच जोडला आहे ना, आणि तापमान चढलं की त्याचे आरपीएम चढतात ना. बायोसमध्ये पंखा शांत मोडवर अडकलेला असू शकतो. त्यानंतर कूलर काढून पात्यांमधली धूळ साफ करा, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. परत बसवताना चारही पिना बोर्डाच्या मागून आरपार आल्या आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा. वरून ‘टक्’ आवाज आला तरी एखादी अर्धवटच बसलेली असते.

हे झाल्यावर झाकण लावून अर्धा तास गेम चालवा आणि लॉगची फाइल डेस्कटॉपवर ठेवा. पाच मिनिटांची चाचणी नको, तेवढ्यात मशीन आत्ताही उत्तमच चालतं. अर्धा तास Core Thermal Throttling समोर No राहिलं आणि कार्ड ९७ टक्क्यांवर टिकलं, तर साफसफाईची मजुरी घ्या आणि विषय मिटला. स्वच्छ कूलरवरही तापमान ९० च्या पुढेच राहिलं, तर मोठा कूलर किंवा पुढे एक जादा पंखा सुचवा, मी घेईन.

कार्ड बदलायचं झालंच तर ते यानंतर, म्हणजे ७० एफपीएस पूर्णवेळ मिळूनही मला कमी वाटले तर. त्यासाठी पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि लागणारे कनेक्टर त्यावर आहेत का, तेही याच भेटीत टिपून ठेवा. कोणताही सुटा भाग बदलावा लागला तर आधी फोन करा आणि जुना भाग मशीनसोबत परत द्या.

तुमचा,
पीसीवाला गिऱ्हाईक